पन्नास वर्षांनी ढासळणारा उतार

लंडनच्या वायव्य भागात सडबरी हिल येथे १९०० च्या सुमारास रेल्वेसाठी टेकाड कापून वाट काढली गेली. कापाची खोली जेमतेम सात मीटर होती. कडेचा उतारही अंगावर येणारा नव्हता. एक मीटर उंची गाठायला तीन मीटर आडवे जावे लागे, इतका तो सौम्य होता. माती होती लंडन परिसरात सगळीकडे सापडणारी घट्ट चिकणमाती. जवळजवळ अर्धे शतक त्या कापातून गाड्या धावल्या आणि १९४९ साली उतार घसरला. नॉर्थोल्ट येथे १९३६ मध्ये रुंद केलेला सुमारे दहा मीटर खोलीचा काप १९५५ मध्ये ढासळला. केन्सल ग्रीन येथे १९१२ साली बांधलेली आधारभिंत १९४१ साली मागच्या मातीने पुढे ढकलून दिली.

बांधकाम कच्चे असते तर ते पहिल्या पावसाळ्यात पडले असते. पण जो उतार वीस, तीस, पन्नास वर्षे उभा राहतो, तो पक्का समजायचा नाही तर काय? शिवाय खणताना काढलेल्या नमुन्यांची ताकद प्रयोगशाळेत मोजली, तर ती गरजेपेक्षा कितीतरी जास्त भरत असे. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधले प्राध्यापक ॲलेक स्केम्प्टन यांनी १९६४ च्या रँकिन व्याख्यानात नेमक्या अशाच घसरणी हाती घेतल्या. मातीने प्रयोगशाळेत दाखवलेली ताकद आणि घसरताना प्रत्यक्षात वापरलेली ताकद यांत मोठी तफावत आहे, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले.

ही तफावत समजून घ्यायची तर चिकणमातीची ताकद म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागते. मातीचा एक थर दुसऱ्यावरून सरकू लागला की ती जो विरोध करते, त्याला कर्तन-सामर्थ्य म्हणतात. लोखंडाच्या सळईची ताकद कोष्टकात पाहून सांगता येते, चिकणमातीची नाही. तिच्या सूक्ष्म कणांच्या मधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. वरून येणाऱ्या भारातला काही भाग हे पाणी पेलते आणि उरलेला कण एकमेकांवर पेलतात. घर्षण कणांमध्ये होते, पाण्यात नाही. त्यामुळे ताकद ठरते ती कणांवर येणाऱ्या दाबावरून, आणि हा दाब म्हणजे एकूण भारातून पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते ते. हा हिशेब कार्ल तेर्झागी यांनी १९२० च्या दशकातच मांडला होता. मात्र सरकता सरकता माती आपले आकारमानही बदलते आणि त्यातून ताकदही बदलते, हा दुसरा धागा जुळायला आणखी तीन दशके लागली.

हा धागा प्रयोगशाळेत स्पष्ट दिसतो. ट्रायॲक्सियल चाचणीत चिकणमातीचा ३८ मिलिमीटर व्यासाचा आणि ७६ मिलिमीटर उंचीचा दंडगोल रबराच्या पातळ पिशवीत घालून पाण्याने भरलेल्या काचेच्या भांड्यात उभा करतात. भांड्यातल्या पाण्याचा दाब वाढवून नमुना चहूबाजूंनी दाबता येतो आणि वरच्या दांड्याने त्याला उभे चेपता येते. नमुन्याच्या तळाशी सच्छिद्र चकती असते. तिच्यातून मातीतले पाणी नळीवाटे बाहेरच्या ब्यूरेटमध्ये जाते किंवा तिथून परत येते. माती पाण्याने पूर्ण भरलेली असल्यामुळे ब्यूरेटमध्ये जितके पाणी चढले, तितकी ती आक्रसली, आणि जितके उतरले, तितकी ती फुगली. चाचणी अगदी सावकाश, दिवसच्या दिवस चालवावी लागते. घाई केली तर पाण्याला वाट मिळत नाही.

आता एकाच मातीचे दोन नमुने घ्यावेत. पहिला पातळ चिखलापासून २०० किलोपास्कलपर्यंत, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे दुप्पट दाबाखाली, बसवलेला. दुसरा आधी ८०० किलोपास्कलपर्यंत दाबून मग ५० वर सैल सोडलेला. पहिला मऊ आणि ओलसर, दुसरा घट्ट. उभे चेपायला लागले की पहिला हळूहळू पिंपासारखा फुगीर होतो, पण त्याचे आकारमान मात्र घटत जाते. ब्यूरेटमध्ये पाणी चढते आणि मातीचा विरोध सावकाश वाढतो. दुसऱ्याचा विरोध झटकन शिखर गाठतो. पण त्याच वेळी ब्यूरेटमधले पाणी उतरू लागते, म्हणजे नमुना पाणी आत ओढून फुगतो आहे. मग विरोध शिखरावरून खाली येतो.

चेपत राहिले की शेवटी दोन्ही नमुने एकाच प्रकारच्या अवस्थेला येतात. आकार बदलत राहतो, पण पाणी आत जात नाही की बाहेर येत नाही आणि विरोध वाढत नाही की घटत नाही. माती जणू दाट द्रवासारखी वाहू लागते. हीच क्रांतिक अवस्था.

तिच्यात विलक्षण काय, तर इथे मातीचा पूर्वेतिहास पुसला जातो. कणांवरचा दाब ठरला की क्रांतिक अवस्थेतले पाण्याचे प्रमाणही ठरते. मग माती सुरुवातीला मऊ होती की कठीण, याला महत्त्व उरत नाही. दाब जास्त तर पाणी कमी आणि ताकद जास्त, दाब कमी तर उलट. या सगळ्या अवस्था आलेखावर मांडल्या की एक रेषा मिळते. जी माती या रेषेपेक्षा ओली, ती सरकताना आक्रसून रेषेकडे येते. जी रेषेपेक्षा कोरडी, ती फुगून रेषेकडे येते. इथे कोरडी म्हणजे वाळलेली नव्हे. तिच्या पोकळ्या पाण्याने भरलेल्याच असतात, फक्त त्या कमी असतात.

घट्ट माती फुगते कशाने? कण एकमेकांत दाटीने बसलेले असतात. सरकायचे तर त्यांना शेजाऱ्यावर चढून पलीकडे जावे लागते आणि चढताना ते एकमेकांपासून दूर होतात. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ मध्ये वाळूबाबत हे दाखवले. समुद्राच्या लाटेने नुकत्याच ओल्या केलेल्या वाळूवर पाऊल टाकले की पावलाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, ती याचमुळे. दाटलेली वाळू सरकताना फुगते आणि पृष्ठभागावरचे पाणी नव्याने झालेल्या पोकळ्यांत उतरते. किनाऱ्यावर हे क्षणात घडते. चिकणमातीत पाण्याची वाट इतकी बारीक असते की त्याच घटनेला वर्षे लागतात.

सडबरी हिलचे कोडे इथून सुटायला लागते.

लंडनची चिकणमाती सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी समुद्रतळाशी साचली. पुढे तिच्यावर शे-दोनशे मीटर जाडीचे थर बसले आणि नंतर झिजून वाहून गेले. म्हणजे प्रयोगातल्या दुसऱ्या नमुन्याप्रमाणे ती आधी प्रचंड दाबली गेली आणि मग सैल सोडली गेली. ती रेषेच्या कोरड्या बाजूला आहे. त्यात माणसाने वरची सात-आठ मीटर माती उपसली, की उरलेल्या मातीवरचा भार एकदम कमी होतो आणि ती फुगू पाहते. फुगायला पाणी हवे आणि ते लगेच मिळत नाही. त्यामुळे पोकळ्यांतले पाणी ताणले जाते, त्याचा दाब हवेच्या दाबाच्याही खाली जातो आणि हे ताणलेले पाणी कणांना एकमेकांकडे खेचून धरते.

एक नमुनादाखल हिशेब मांडून पाहू. उतारात असा एक बिंदू घेऊ ज्याच्यावर चार मीटर माती आहे. तिचा भार साधारण ८० किलोपास्कल. खोदाईनंतर लगेच तिथल्या पाण्याचा दाब उणे ४० आहे असे धरले, तर कणांवरचा दाब ८० अधिक ४०, म्हणजे १२० होतो. लंडनच्या मातीचा क्रांतिक अवस्थेतला घर्षणकोन सुमारे २० अंश आहे, म्हणजे कणांवरच्या दाबाच्या सुमारे ३६ टक्के इतका विरोध मिळतो. १२० चे ३६ टक्के म्हणजे ४३ किलोपास्कल, शिवाय कणांच्या दाटीमुळे मिळणारी भर वेगळी. अशा बिंदूवर उताराखाली ओढणारा ताण विसाच्या आसपास असतो. ताकद दुपटीहून जास्त आहे आणि उतार निर्धास्त उभा आहे.

मग पाऊस, झिरपणे आणि वेळ कामाला लागतात. चिकणमातीची पारगम्यता इतकी कमी की तिच्यातून पाणी वर्षाला काही मिलिमीटरच्या गतीने सरकते. सावकाश का होईना, ताण विरतो, माती फुगते आणि पाण्याचा दाब उणे ४० वरून चढत अखेर अधिक २४ च्या घरात स्थिरावतो. आता कणांवरचा दाब ८० वजा २४, म्हणजे ५६ उरतो आणि त्याचे ३६ टक्के होतात २०. सारी शिल्लक संपली. वरचा भार तोच, उतार तोच, घर्षणकोन तोच, फक्त पाणी आत आले. या प्रक्रियेला किती वेळ लागतो, हे पीटर वॉन आणि हेलन वॉलबँक यांनी १९७३ मध्ये जुन्या-नव्या कापांतल्या पाण्याच्या दाबावरून दाखवले. एजवेअरबरी येथे खोदाईला नऊ वर्षे झाल्यावरही पाण्याचा दाब अंतिम पातळीच्या बराच खाली होता. समतोल यायला ४० ते ५० वर्षे लागत होती. सडबरी हिलची ४९ वर्षे या हिशेबात चपखल बसतात.

मग प्रयोगशाळेने ही ताकद जास्त का दाखवली? कारण अभियंते शिखरावरचा आकडा वापरत होते. तो आकडा खरा असतो, पण तो फुगण्याच्या क्षणाचा असतो. माती फुगू शकली की तो टिकत नाही. भेगांनी भरलेल्या लंडनच्या मातीत तर पाण्याला आणि ताणाला आधीच वाटा असतात. स्केम्प्टन यांनी पुढे १९७७ मध्ये प्रत्यक्ष घसरणींचा हिशेब उलटा सोडवून पाहिला. पहिल्यांदाच घसरणाऱ्या उतारांनी वापरलेली सरासरी ताकद शिखराच्या बरीच खाली आणि क्रांतिक अवस्थेच्या अगदी जवळ निघाली.

यात आणखी एक बारकावा आहे आणि तोच घात करतो. घट्ट मातीचा नमुना सगळीकडून सारखा फुगत नाही. शिखरानंतर त्यात एक तिरपा पट्टा उठतो, कधी काही मिलिमीटर जाडीचा, आणि सारे सरकणे तिथेच एकवटते. पट्ट्यातली माती शेजारच्या मातीतून पाणी शोषून घेते. ब्यूरेट मात्र सगळ्या नमुन्याची सरासरी सांगते, त्यामुळे पट्ट्यातली माती किती मऊ झाली हे तिच्यावरून कळत नाही. ते पाहायचे तर नमुना कापून पट्ट्याचे पातळ काप काढावे लागतात आणि ते भट्टीत वाळवून त्यातले पाणी मोजावे लागते. इंग्लंडमध्येच सेव्हर्न नदीकाठच्या जॅकफील्ड गावात १९५२ साली मोठी घसरण होऊन घरे मोडली. तिथल्या सरकपृष्ठावरची सुमारे पाच सेंटिमीटर जाडीची पट्टी तपासली तेव्हा तिच्यात ३० टक्के पाणी होते, तर लगतच्या न सरकलेल्या मातीत २०. एवढ्याशा फरकाने काय होते? लंडनच्या मातीच्या प्रयोगांतून निघालेली क्रांतिक रेषा ढोबळमानाने सांगते की, पाण्याचे प्रमाण चार टक्क्यांनी वाढले की क्रांतिक ताकद निम्मी होते.

या विखुरलेल्या निरीक्षणांना एका चौकटीत बसवले ते केंब्रिजच्या गटाने. वाळूसाठी अशा ठरावीक पोकळीची कल्पना आर्थर कासाग्रांद यांनी १९३६ मध्ये मांडली होती, आणि चिकणमातीची ताकद तिच्यातल्या पाण्याच्या प्रमाणाशी बांधलेली असते हे युल होर्सलेव्ह यांनी व्हिएन्नात त्याच सुमारास मोजले होते. केनेथ रॉस्को, अँड्र्यू स्कोफिल्ड आणि पीटर रॉथ यांनी १९५८ मध्ये आपला निबंध प्रसिद्ध केला. दाब, कर्तन आणि आकारमान हे तीन वेगवेगळे विषय नसून एकाच पृष्ठभागाच्या तीन दिशा आहेत, असे त्यांचे म्हणणे. मग श्रीलंकेतून आलेले संशोधक ए. तुरैराजा यांनी चाचण्यांतल्या ऊर्जेचा हिशेब लावला. माती सरकताना फुगो वा आक्रसो, घर्षणात खर्च होणारी ऊर्जा एकाच साध्या नियमाने मिळत होती. यातूनच ‘कॅम-क्ले’ हे प्रतिमान उभे राहिले. त्याचे नाव केंब्रिजमधून वाहणाऱ्या कॅम नदीवरून पडले आहे.

स्कोफिल्ड यांनी पुढची अनेक वर्षे एक मुद्दा लावून धरला, आणि तो पटण्याजोगा आहे. घट्ट चिकणमातीची शिखरावरची जादा ताकद पाठ्यपुस्तके ‘चिकटपणा’ म्हणून दाखवतात, जणू कणांमध्ये गोंद आहे. स्कोफिल्ड म्हणतात, ढवळून पुन्हा घडवलेल्या मातीत असा गोंद नसतो. ती भर कण एकमेकांत अडकल्यामुळे, फुगण्यासाठी करावे लागणाऱ्या कामामुळे येते. हा फरक नुसता शब्दांचा नाही. गोंद पन्नास वर्षांनीही तिथेच असेल असे अभियंता धरून चालेल. अडकलेले कण मात्र एकदा फुगून सुटले की ती भर परत मिळत नाही.

या चौकटीच्या मर्यादाही आहेत. ती ढवळलेल्या मातीवर बेतलेली आहे. नॉर्वेतल्या काही नाजूक चिकणमातींत कणांची पत्त्यांच्या घरासारखी रचना असते. ती मोडली की माती क्रांतिक रेषेच्या अंदाजापेक्षा कितीतरी पातळ होऊन वाहते. दुसरी मर्यादा घसरणीनंतरची. क्रांतिक अवस्थेत कण अस्ताव्यस्त उलटसुलट होत असतात. पण त्याच पृष्ठावर पुष्कळ सरकणे झाले, तर चपटे कण सरकण्याच्या दिशेने आडवे होतात, पृष्ठ गुळगुळीत चकाकते आणि घर्षणकोन आणखी घटतो. लंडनच्या मातीत तो २० वरून १३ अंशांच्या आसपास येतो. म्हणून जुन्या घसरणीवर पुन्हा खोदाई करायची असेल तर क्रांतिक अवस्थेचा आकडाही जास्तच ठरतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या मातीचे फुगणेही यात मोजू नये. ते सरकण्यामुळे होत नाही, त्यातल्या खनिजाने पाणी धरल्यामुळे होते.

रेषेच्या ओल्या बाजूची माती महाराष्ट्रात खाडीकाठी हवी तेवढी आहे. मुंबई आणि नवी मुंबईच्या खाडीतला चिखल तसा नवा आहे. तो कधी जड थरांखाली दबलेला नाही, म्हणून प्रयोगातल्या पहिल्या नमुन्याच्या जातीचा. त्याच्यावर झटपट भराव टाकला तर तो आक्रसू पाहतो, पण पाण्याला निघायला वेळ नसतो. मग पाण्याचा दाब चढतो, कणांवरचा दाब वाढत नाही आणि भरावाखालचा चिखल बाजूने वर उसळतो. लंडनचा काप खोदला त्या दिवशी सर्वांत भक्कम असतो. खाडीवरचा भराव मात्र पूर्ण झाला त्या दिवशी सर्वांत धोक्यात असतो आणि पुढे रोज सुधारत जातो.

साइटवरचे काम या हिशेबाने चालते. समजा चिखलाची ताकद १० किलोपास्कल आहे. मऊ मातीवरचा भराव साधारण तिच्या पाचपट दाबाला, म्हणजे ५० ला ढासळतो. मुरमाच्या भरावाचा भार मीटरला सुमारे २० किलोपास्कल, म्हणजे अडीच मीटरवर सगळे संपले. म्हणून पहिला थर दीड मीटरच टाकतात, म्हणजे ३० किलोपास्कल, आणि थांबतात. पाणी निघून गेल्यावर वाढलेल्या दाबाच्या साधारण २२ ते २५ टक्के ताकद चिखलाला मिळते. म्हणजे सुमारे ७ ची भर पडून दहाचे सतरा होतात. आता तोच नियम चार मीटरपर्यंतची उंची पेलायला देतो, आणि सुरक्षिततेची बाकी ठेवून पुढचा थर चढवता येतो. नुसते थांबायचे तर जाड थराला अनेक वर्षे लागतील. म्हणून चिखलात मीटर-सव्वा मीटरच्या अंतराने उभ्या निचरा-पट्ट्या खुपसतात. साइटवर त्यांना पीव्हीडी म्हणतात. कापडात गुंडाळलेल्या या प्लास्टिकच्या पट्ट्या दहा सेंटिमीटर रुंद आणि काही मिलिमीटर जाड असतात. पाण्याला आता थराच्या वर-खाली जावे लागत नाही. अर्ध्या मीटरवरच्या पट्टीपर्यंत पोहोचले की झाले, त्यामुळे वर्षांचे काम महिन्यांत होते.

पुढचा थर केव्हा टाकायचा हे पंचांगाने ठरत नाही. भरावाखाली बसवलेल्या लोखंडी तबकड्यांची पातळी रोज मोजतात आणि चिखलात पुरलेल्या पिझोमीटरवर पाण्याचा दाब वाचतात. तबकड्या खाली जाण्याचे थांबत आले आणि दाब मूळ पातळीकडे परतला की आकारमान घटायचे ते घटले, ताकद वाढायची ती वाढली. याउलट तबकडी खाली जात असताना भरावाच्या पायथ्याजवळचे खुंटे बाहेर सरकू लागले, तर चिखल आक्रसत नाही, आहे त्या आकारमानाने बाजूला वाहतो आहे असे समजायचे. मग भराव टाकणारे डंपर तिथल्या तिथे थांबवतात, आणि खुंटे थांबले नाहीत तर टाकलेली माती काढूनही घेतात.